बाथरूमच्या मोरीचा वास आणि जाळीखालचा बुळबुळीत थर, काही केल्या जात नाही

वैदेही_मनीषनगर · 6 मे, रात्री 9:40

नमस्कार मंडळी. आमचा फ्लॅट मनीषनगरला दुसऱ्या मजल्यावर आहे, इमारत अकरा वर्षांची. दोन बाथरूम आहेत. त्यातल्या आतल्या बाथरूममध्ये पाणी जायच्या जाळीतून इतका वास येऊन राहिला आहे की बेडरूममध्ये झोपवत नाही.

एप्रिलमध्ये आम्ही सव्वातीन आठवडे अमरावतीला होतो. 3 मेला परत आलो, दार उघडलं आणि वासानेच स्वागत झालं. वास थोडाफार आधीही यायचा, पण तो बाथरूमच्या दारापुरता. आता पूर्ण खोलीत पसरतो, दुपारी जास्त.

आतापर्यंत केलेलं सांगते. फिनाईल रोज टाकते. त्याने तासभर दबतो, मग फिनाईल आणि घाण असा मिसळलेला वास येतो, तो आणखी वाईट. परवा मिस्टरांनी ॲसिडची अख्खी बाटली जाळीवर ओतली. फेस आला, जाळीच्या आजूबाजूच्या फटीतलं पांढरं सिमेंट उकललं, स्टीलची जाळी डागाळली. वास दुसऱ्या दिवशी परत.

जाळीच्या भोकांमधून बोट घातलं तर खालच्या बाजूला करडा, जेलीसारखा थर हाताला लागतो. वरून घासला तर दोन दिवसांत पुन्हा तयार. सासूबाई महिनाभरासाठी येणार आहेत आणि हेच बाथरूम त्यांच्या खोलीला लागून आहे. कुणी खात्रीचा उपाय सांगाल का?

---

प्रशांत_वर्धारोड · 6 मे, रात्री 10:05

ताई, जाळ्या बदलून टाका, घासत बसू नका. उन्हाळाभर पाणी पडून पडून त्या कुजतातच. आमच्याकडे वासाच्या खसच्या जाळ्या दर अक्षय्य तृतीयेच्या आत नव्या बसवतो. आणि टाकीतलं पाणी चार दिवसांनी पूर्ण काढा, नाहीतर बुळबुळीत होणारच.

---

वैदेही_मनीषनगर · 6 मे, रात्री 10:11

प्रशांतभाऊ, कूलरची नाही हो. बाथरूमच्या फरशीतली जाळी, जिथून आंघोळीचं पाणी जातं ती.

---

प्रशांत_वर्धारोड · 6 मे, रात्री 10:14

अरे हो, जाळी आणि वास एवढंच वाचलं मी. माफ करा. याच्यातलं मला काही कळत नाही, पण वाचतो, आमच्याही बाथरूमला येतो वास.

---

सुगरण_सोनल · 6 मे, रात्री 10:30

खाण्याचा सोडा अर्धी वाटी टाका, वरून व्हिनेगर एक वाटी. फसफसून सगळी घाण वर येते. अर्ध्या तासाने उकळतं पाणी ओता. मी दर रविवारी करते, आमच्याकडे कध्धीच वास नाही. केमिकलची गरजच नाही.

---

नळवाले_काका · 7 मे, सकाळी 6:50

वैदेहीताई, मी चाळीस वर्षं प्लंबिंगची कामं घेतली, आता मुलगा पाहतो. काही ओतायच्या आधी माझ्या तीन प्रश्नांची उत्तरं द्या. कारण मोरीचा वास दोन जागांहून येतो, आणि एका जागेचा उपाय दुसरीला लागू पडत नाही.

पहिला प्रश्न, जाळी उचलली जाते का? आणि तिच्या खाली वाटीसारखा भाग आहे का? झुरळं येऊ नयेत म्हणून जी जाळी बसवतात तिला खाली वाटी असते. खूप घरांत दहा दहा वर्षं लोकांना माहीतच नसतं की ती निघते.

दुसरा, टॉर्च मारून खाली पाहा. पाणी चमकतं का? फरशीच्या खाली जो नहाणी ट्रॅप असतो, त्याच्या वाकात कायम पाणी उभं राहिलं पाहिजे. ते पाणी म्हणजेच झाकण. ते आहे तोवर खालच्या पाइपातली हवा वर येत नाही.

तिसरा, वास कसा आहे? ओल्या फडक्यासारखा, आंबूस, कुबट असेल तर तो थराचा. सडक्या अंड्यासारखा असेल तर ती गटाराची हवा आहे, म्हणजे पाण्याचं झाकण गेलं. सकाळी बाहेरून फिरून आल्याबरोबर वास घ्या. घरात बसून नाक मरतं, मग फरक कळत नाही.

---

वैदेही_मनीषनगर · 7 मे, दुपारी 1:20

काका, मनापासून आभार. जाळी हलत नाही, चारही बाजूंनी सिमेंटात बसल्यासारखी वाटते. भोकांतून टॉर्च मारला तर आत काळं दिसतं, पाणी आहे की नाही सांगता येत नाही. वासाचं म्हणाल तर सकाळी भाजी घेऊन आल्याबरोबर मुद्दाम आत गेले. दोन्ही आहेत असं वाटतं. जवळ वाकलं की ओल्या फडक्याचा, आणि दारात उभं राहिलं की तो दुसरा.

---

नळवाले_काका · 7 मे, दुपारी 2:05

दोन्ही असू शकतात, असं पुष्कळदा होतं. तीन आठवडे घर बंद होतं ना? नागपूरच्या एप्रिल-मेची हवा इतकी कोरडी की न वापरलेल्या मोरीतलं पाणी उडून जातं. तुमचं झाकण सुकलं असणार. आल्यापासून तुम्ही पाणी वापरता आहात म्हणजे ते परत भरलंही असेल. पण आधी थर काढू, म्हणजे उरलेला वास कुठला ते कळेल.

जाळी निघते, घाबरू नका. चौकट सिमेंटात पक्की असते, मधली गोल चकती वेगळी असते. साबणाचा आणि चुन्याचा थर बसून ती चिकटते. चकतीच्या कडेने जुनी सुरी किंवा पेचकस फिरवा, सगळीकडून थोडं थोडं. एका जागी जोर लावाल तर टाइल उडेल. दोन भोकांत तारेचे आकडे अडकवून सरळ वर ओढा. नाही आली तर कडेवर कोमट व्हिनेगर टाकून अर्धा तास थांबा, पण परवाचं ॲसिड आधी भरपूर पाण्याने धुऊन टाकलेलं असलं पाहिजे.

---

वैदेही_मनीषनगर · 7 मे, संध्याकाळी 6:45

निघाली!! अकरा वर्षांत पहिल्यांदा.

जे पाहिलं ते लिहिते, कारण दुसऱ्यांनाही उपयोग होईल. चकतीच्या खाली खरंच वाटी होती, स्टीलची. ती दिसतच नव्हती, कारण तिच्यावर बोटभर जाड करड्या-काळ्या लगद्याचं आवरण होतं. चमच्याने काढला तर साय निघावी तसा पापुद्रा निघाला. त्यात माझे आणि मुलीचे लांब केस, साबणाचे पांढरे कण, आणि एक कानातल्याची फिरकी. वाटीच्या आतल्या बाजूला गुलाबी चिकट कडं होतं. चकतीच्या खालच्या बाजूला खरखरीत पांढरा थर, नखाने निघत नाही. म्हणजे मी इतकी वर्षं फक्त वरचा पत्रा घासत होते.

वाटी काढल्यावर टॉर्चने पाणी दिसलं. पण फरशीपासून बरंच खोल.

---

नळवाले_काका · 7 मे, रात्री 8:30

आता कळलं ना. ॲसिड वरून ओतलं ते वाटीवरून वाहून गेलं. लगद्याला वरवर लागलं, सिमेंट मात्र खाल्लं.

तो खरखरीत पांढरा थर महत्त्वाचा आहे. बोअरचं पाणी जड असतं, साबणाशी मिळून त्याचा चुन्यासारखा थर बसतो. गुळगुळीत स्टीलवर बुळबुळीत थराला धरायला जागा मिळत नाही, त्या खरखरीत थरावर मिळते. म्हणून तुम्ही घासता आणि दोन दिवसांत परत येतो. आधी बुळबुळीत काढायचं, मग पांढरं. उलट केलं तर आंबट द्रव लगद्यातच अडकतो.

असं करा. बादलीत गीझरचं गरम पाणी एक लिटर, त्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा. खायचा नाही, धुण्याचा. किराणा दुकानात मिळतो. हातमोजे घाला. जाळी आणि वाटी तासभर बुडवून ठेवा, मग जुन्या टूथब्रशने खालून, कडांतून घासा. जाळी ॲल्युमिनियमची असेल तर हे करू नका, काळी पडते. तुमची स्टीलची आहे, चालेल. नीट धुऊन मग पांढऱ्या थरासाठी लिंबूसत, एक चमचा अर्ध्या लिटर कोमट पाण्यात, अर्धा तास. थर मऊ होऊन निघतो.

तोवर ट्रॅपकडे वळा. केस हाताने किंवा तारेच्या आकड्याने बाहेर काढायचे, खाली ढकलायचे नाहीत. मग बाटली धुवायचा लांब ब्रश घ्या. घासायची जागा पाण्याखाली नाही, पाण्याच्या वर आहे, फरशीपासून पाण्यापर्यंतचा गळा. पाण्याखाली थर कमी असतो. गळ्याला कधी साबण लागतो, कधी हवा, तिथे तो फोफावतो. धुण्याचा सोडा आणि भांड्यांचा साबण गरम पाण्यात कालवून गळ्यावर गोल ओता, अर्धा तास ठेवा, ब्रश फिरवा, आणि भरलेली बादली एका दमात ओता. मग्ग्याने थोडं थोडं ओतलं तर घाण वाकात बसून राहते.

उकळतं पाणी नको. पाइप पीव्हीसीचा आहे, सांधे ढिले होतात. गीझरचं पाणी पुरे.

---

रसायनवाल्या_बाई · 7 मे, रात्री 9:10

शाळेत रसायनशास्त्र शिकवते म्हणून कळकळीने सांगते. वैदेही, परवा ॲसिड टाकलंय. आता त्यावर कुणी ब्लीच टाका म्हणालं तर अजिबात टाकू नका. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. छोट्या बंद बाथरूममध्ये तो छातीत भरतो. संडास साफ करायच्या बहुतेक बाटल्यांमध्येही ॲसिडच असतं, लोक त्याला वेगळं समजतात.

ब्लीच वापरायचंच असेल तर सगळं घासून, भरपूर पाण्याने धुऊन, दुसऱ्या दिवशी. आणि लिंबूसतही ॲसिडच आहे, तोही आधी धुतला गेला पाहिजे. थर असताना ब्लीच टाकण्यात अर्थही नाही, कारण वरच्या पापुद्र्यावरच त्याची ताकद संपते आणि खालचे जंतू जसेच्या तसे राहतात. आधी घासणं, मग वाटलं तर ब्लीच.

आणि सोनल, रागावू नको, पण सोडा आणि व्हिनेगर एकत्र केले की एकमेकांना मारतात. फेस दिसतो, उरतं ते जवळजवळ मिठाचं पाणी. वेगवेगळे वापरले तर दोघांचा उपयोग आहे.

---

सुगरण_सोनल · 7 मे, रात्री 9:35

बाई, शास्त्र तुमचं बरोबर असेल. पण माझ्याकडे वास येत नाही हे पण खरं आहे ना? दोन वर्षांपासून करते.

---

नळवाले_काका · 7 मे, रात्री 9:50

सोनलताई, तुम्ही दर रविवारी न चुकता गरम पाणी ओतता, अर्धं काम तेच करतं. दर आठवड्याला गळा धुतला तर थर जाडच होत नाही. फेसाने थोडे सैल कण सुटतातही. पण अकरा वर्षांचा लगदा त्याने निघत नाही. आणि उकळतं मात्र बंद करा.

---

अनघा_त्रिमूर्तीनगर · 7 मे, रात्री 10:20

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण इथेच विचारते. आमच्या मोरीत वास फारसा नाही, पण भिंतीवर बारीक काळपट माश्या बसलेल्या असतात. पंख केसाळ, पतंगासारखे. हात लावला तर भुकटी होते. रोज मारते, रोज तितक्याच. दोनदा औषध फवारलं.

---

नळवाले_काका · 8 मे, सकाळी 6:40

अनघाताई, त्या मोरीच्याच माश्या. अंडी त्या बुळबुळीत थरात घालतात, अळ्या तोच थर खातात. भिंतीवरच्या मारून काही होणार नाही. खात्री करायची असेल तर रात्री पारदर्शक चिकटपट्टी जाळीवर लावा, चिकट बाजू खाली, थोडी फट ठेवून. सकाळी माश्या चिकटलेल्या दिसल्या तर घर तिथेच. वर वैदेहीताईंना सांगितलं तेच करा. घासल्यावरही आठ-पंधरा दिवस थोड्या दिसतील, कारण कोशात असलेल्या बाहेर येतात. तेवढ्यात सोडून देऊ नका.

---

वैदेही_मनीषनगर · 11 मे, सकाळी 8:15

काका, सगळं केलं. जाळी आरशासारखी झाली, फक्त ॲसिडचे डाग राहिले. गळा ब्रशने घासताना पहिल्या दोन वेळा काळं पाणी आलं, तिसऱ्यांदा स्वच्छ. गळ्याच्या वरच्या काठाला, टाइलच्या खाली, ॲसिडने सिमेंट जाऊन बोटाच्या पेराएवढी फट पडली होती. त्यात पण लगदा भरलेला. तो टूथब्रशने काढला.

ओल्या फडक्याचा वास पूर्ण गेला. तीन दिवस घर छान होतं. पण काल सकाळी आणि आज सकाळी तो दुसरा वास पुन्हा आला, सडक्या अंड्याचा. हे बाथरूम रात्रीपासून कुणी वापरलं नव्हतं. एक बादली पाणी ओतलं की वास जातो. म्हणजे काय समजायचं?

---

प्रशांत_वर्धारोड · 11 मे, सकाळी 9:00

वरच्यांचा फ्लश असेल. आमच्या बिल्डिंगमध्ये वरच्यांनी फ्लश केला की आमच्या मोरीत गुडगुड आवाज येतो. पाणी ओढलं जातं म्हणतात.

---

नळवाले_काका · 11 मे, सकाळी 11:30

ताई, बादली ओतल्यावर वास जातो म्हणजे पाण्याचं झाकण रात्रीतून कमी होऊन राहिलं आहे. आता ते का, हे मोजून काढू.

प्रशांतभाऊ, पाणी ओढलं जातं हे खरं. पण पुष्कळ इमारतींत संडासाचा पाइप वेगळा आणि मोऱ्यांचा वेगळा असतो. तसं असेल तर वरच्या फ्लशने खालच्या मोरीला काही होत नाही. वरच्यांचं वॉशिंग मशीन एकदम रिकामं झालं किंवा टब ओतला तर होतं. मागच्या बाजूला डक्टमध्ये जाऊन किती उभे पाइप आहेत ते मोजा.

वैदेहीताई, खराट्याची एक कोरडी काडी घ्या. बादलीभर पाणी ओता, थेंब थांबू द्या. काडी ट्रॅपच्या तळापर्यंत घाला, फरशीच्या पातळीला नखाने खूण करा, बाहेर काढा. काडी भिजली तिथपर्यंत रंग गडद होतो. फरशीच्या खुणेपासून ओल्या रेषेपर्यंतचं कोरडं अंतर मोजा. ते झालं भरलेल्या झाकणाचं माप. मग दोन दिवस बाथरूम बंद ठेवा आणि पुन्हा मोजा. चांगल्या ट्रॅपचं झाकण 5 सेंटीमीटरचं असतं. पाणी पाच सेंटीमीटर उतरलं की हवा मोकळी. उन्हाने दोन दिवसांत असं किती उडेल? काही मिलिमीटर. त्याहून जास्त उतरलं तर कारण दुसरं.

---

वैदेही_मनीषनगर · 13 मे, रात्री 8:50

मोजलं. 11 तारखेला संध्याकाळी फरशीपासून पाण्यापर्यंत 9 सेंटीमीटर. आज संध्याकाळी 14.5. मी दोनदा मोजलं. म्हणजे साडेपाच सेंटीमीटर उतरलं. वास अर्थातच होता.

---

नळवाले_काका · 13 मे, रात्री 9:25

हे उडून जाणं नाही. तीन शक्यता उरतात. ट्रॅपला तडा आहे, वरून पाणी ओढलं जातं, किंवा केस.

तडा असता तर खालच्या घराच्या छताला ओल दिसली असती. खालच्यांना विचारा.

केसांचं सांगतो, कारण ते कुणाला पटत नाही. ट्रॅपमधून पाणी आडव्या पाइपात जातं तिथे एक काठ असतो. केसांचा झुपका त्या काठावर लटकला, एक टोक पाण्यात आणि दुसरं पलीकडे खाली, तर तो वातीसारखं काम करतो. समईची वात तेल वर ओढते तसं पाणी थेंब थेंब पलीकडे जातं, रात्रभर. ब्रशने गळा घासला तरी तो झुपका निघत नाही, कारण तो आडव्या भोकाच्या तोंडात असतो. हातमोजा घालून हात आत घाला, पाण्याखालून पलीकडच्या बाजूला बोटं वर वळवा. काठ लागेल. त्यावरून बोट फिरवा.

---

वैदेही_मनीषनगर · 14 मे, सकाळी 10:10

काका, होता!

मिस्टरांचा हात मोठा, जाईना. माझा गेला. काठावर बोट फिरवताच दोऱ्यासारखं काहीतरी लागलं. ओढलं तर येतच राहिलं, वीतभर लांब, केस आणि पायपुसण्याचे सुती धागे एकत्र पिळलेले, अगदी वातीसारखेच. एक टोक बुळबुळीत, दुसरं काळं आणि कडक. खालच्या काकूंना विचारलं, त्यांच्या छताला ओल नाही.

काल पूर्ण भरून 9 वर आणलं होतं. झुपका काढल्यावर पुन्हा भरून ठेवलं आहे. दोन दिवसांनी मोजते.

---

अनघा_त्रिमूर्तीनगर · 14 मे, दुपारी 3:30

माझ्या चिकटपट्टीला नऊ माश्या लागल्या. वाटी काढली, आत शेवयांसारख्या बारीक अळ्या होत्या. सगळं घासलं आज. अंगावर काटा आला, पण आता तरी कळलं.

---

सुगरण_सोनल · 14 मे, संध्याकाळी 5:15

घर बंद ठेवून जाताना काय करायचं मग? आम्ही जूनमध्ये पंधरा दिवस जाणार आहोत. माझी आई जायच्या आधी मोरीत गोडेतेल ओतायची, चमचाभर. वर तवंग राहतो आणि पाणी उडत नाही.

---

रसायनवाल्या_बाई · 14 मे, संध्याकाळी 6:00

तवंगाची कल्पना बरोबर आहे. पण गोडेतेल खवट होतं आणि साबणाच्या थरात मिसळून पुन्हा चिकट करतं. औषधाच्या दुकानात लिक्विड पॅराफिन मिळतं, ते खवट होत नाही. दोन चमचे पुरे.

---

नळवाले_काका · 14 मे, संध्याकाळी 6:40

मला तेल पटत नाही, गोडं असो की पॅराफिन. पंधरा दिवसांना काही लागत नाही. महिनाभर जायचं असेल तर जाताना झाकण पूर्ण भरा, आणि जाळीवर जाड प्लास्टिक ठेवून त्यावर पाण्याने भरलेली छोटी पिशवी ठेवा. हवा लागत नाही, पाणी उडत नाही. आल्यावर उचलून टाका.

---

रसायनवाल्या_बाई · 14 मे, संध्याकाळी 7:05

काका, प्लास्टिकही चालेल. पण पॅराफिनने बिघडतं असं मी अजून पाहिलेलं नाही. मी चार उन्हाळे वापरते आहे.

---

वैदेही_मनीषनगर · 16 मे, सकाळी 7:30

दोन दिवसांनी 9.3. तीन मिलिमीटरच. वास नाही.

ॲसिडने पडलेली फट भरायची आहे. पांढरं सिमेंट पुरे का?

---

नळवाले_काका · 16 मे, सकाळी 8:10

पांढरं सिमेंट परत झिजेल, ॲसिड टाकाल तर लगेच. इपॉक्सी ग्राउट घ्या. फट आधी पूर्ण कोरडी पाहिजे, पंखा लावून दोन दिवस ठेवा. ओल्या जागी चिकटत नाही. फट रिकामी सोडू नका, तिथे थर पुन्हा जमेल आणि जाळी किती घासली तरी ओल्या फडक्याचा वास परत येईल.

जाळी महिन्यातून एकदा उचला, चुन्याचा थर बसायच्या आत. दहा मिनिटांचं काम आहे.

---

वैदेही_मनीषनगर · 18 मे, रात्री 9:15

फट भरली. जाळी बसवण्याआधी तिच्या कडेला थोडं व्हॅसलीन लावलं आहे, पुढच्या वेळी सहज निघावी म्हणून.

आणखी एक गोष्ट. आज रविवार, वरच्यांकडे मशीन लागलं होतं. अकराच्या सुमारास आमच्या मोरीत प्रशांतभाऊ म्हणाले तसाच गुडगुड आवाज आला. लगेच काडी घातली तर 10.6. सकाळी 9.1 होतं. वास आला नाही, कारण अजून जवळजवळ साडेतीन सेंटीमीटर पाणी आहे. डक्टमध्ये पाहिलं, उभे पाइप दोन आहेत, पण मोऱ्यांच्या पाइपाचं वरचं तोंड गच्चीवर सापडलं नाही. तिथे आता कुणाच्यातरी टाकीचा चौथरा आहे. काका, ते तोंड बुजलं असेल का? आणि ते सोसायटीने उघडायचं की ज्यांची टाकी आहे त्यांनी?

---

नळवाले_काका · 18 मे, रात्री 9:40

बुजलेलं असेल तर गुडगुड होणारच, पाइपाला श्वास घ्यायला जागा नाही. पण पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही, कधी पाइप आधीच वळवलेला असतो. पुढचे तीन-चार रविवार मशीन लागल्यावर काडीने मोजून लिहून ठेवा. कोणी उघडायचं हे मी नाही सांगू शकत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये ते आकडे ठेवा. तोवर रविवारी दुपारी एक बादली ओतत जा.